बागेतून पहिल्या गुंतवणूकदाराला मेसेज: आधी उत्तराची तयारी करा, मग सेंड दाबा

मी वरूड तालुक्यातला. आमचं काम म्हणजे संत्र्याची छोटी ग्रेडिंग मशीन, ट्रॉलीवर बसते अन् बागेतच नेता येते, साइजप्रमाणे फळ वेगळं करते. पहिल्या गुंतवणूकदाराचा रिप्लाय आला तेव्हा मी बागेत होतो, हात तेलानं माखलेले, अन् मेसेज असा होता: "इंटरेस्टिंग, शेअरहोल्डिंग अन् मागच्या सीझनचे आकडे आज पाठवा." आज! माझ्याकडे कंपनीच नव्हती, भावाच्या नावावरची प्रोप्रायटरशिप होती, आकडे तीन वह्यांत अन् एका मुनीमच्या डोक्यात होते. ते सगळं नीट करायला साडेतीन आठवडे लागले अन् तोवर तो माणूस थंड झाला होता. म्हणून हा लेख उलट्या क्रमानं लिहितोय, म्हणजे रिप्लाय आल्यावर काय लागतं ते आधी, मग माणसं शोधणं, मग मेसेज. काम करतानाही हाच क्रम ठेवा.

सगळ्यात आधी, हे पैसे तुमच्यासाठी आहेत का

एंजल गुंतवणूकदार व्याज मागत नाही, हप्ता मागत नाही, तो शेअर घेतो. त्याचे पैसे वसूल कधी होतात? तुमची कंपनी कितीतरी पट मोठी होते अन् पुढे कोणी त्याचे शेअर विकत घेतं तेव्हा. त्याला माहीत असतं की दहापैकी बऱ्याच कंपन्या बुडणार, म्हणून उरलेल्यांतली एखादी तरी लय मोठी व्हावी लागते. तुमची दालमिल वर्षाला दहा-बारा लाख नफा देणार असेल अन् तुम्हाला तेवढ्यात समाधान असेल तर तो धंदा चांगलाच आहे, पण त्याला बँक पाहिजे, एंजल नाही. पीएमईजीपी या सरकारी कर्ज-सबसिडी योजनेत मॅन्युफॅक्चरिंगचा प्रोजेक्ट ५० लाखांपर्यंत बसतो अन् ग्रामीण भागात जनरलला २५ टक्के, महिला, एससी, एसटी, ओबीसी वगैरेंना ३५ टक्के सबसिडी आहे. ते सोडून हिस्सा विकायला जाऊ नका.

दुसरी गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तुमची एफपीसी असेल, म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनी, तर तिचे शेअर फक्त उत्पादकालाच घेता येतात, पुण्याचा आयटीवाला कितीही उत्साही असला तरी त्याला त्यात शेअर देता येत नाही. प्रोप्रायटरशिपमध्ये तर शेअर हा प्रकारच नाही. प्रायव्हेट लिमिटेड लागते. एफपीसी ठेवायची असेल तर ठेवा, मशीन किंवा प्रोसेसिंगचा धंदा वेगळ्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये करा अन् दोघींत लेखी करार करा.

रिप्लायचा फोल्डर

गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर करा. त्यात जास्त काही लागत नाही: कंपनीचे नोंदणीचे कागद, कोणाकडे किती शेअर याचा एक पानी तक्ता, मागच्या १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट, महिन्याप्रमाणे विक्री-खर्चाची एक एक्सेल शीट, दहा-बारा पानांचं प्रेझेंटेशन (हे लोक त्याला डेक म्हणतात) अन् मशीनचा दीड मिनिटाचा व्हिडिओ. व्हिडिओ बागेतलाच घ्या, वर्कशॉपमधला नको. आमच्या व्हिडिओत मागे बाया हसतायत अन् कोणीतरी "अवं ते बारीक फळ तिकडं गेलं पाय" म्हणतंय, एकानं सांगितलं की त्याला तोच भाग सगळ्यात खरा वाटला.

शेअरच्या तक्त्यावर थोडं थांबतो, कारण गावाकडच्या कंपन्या इथंच अडकतात. सुरुवातीला कोणीतरी पैसे दिलेले असतात, मेव्हणा, मामेभाऊ, मित्र, अन् आपण जोशात म्हणून गेलेलो असतो, "तुझे वीस टक्के पक्के". कागद काही नाही. माझ्या मामेभावानं २ लाख दिले होते अन् मी चहाच्या टपरीवर त्याला वीस टक्के बोललो होतो. गुंतवणूकदार विचारतो, तक्त्याबाहेर कोणाला काही कबूल केलंय का? तुम्ही नाही म्हणालात अन् पैसे आल्यावर मामेभाऊ दारात उभा राहिला तर ती फसवणूक धरली जाते. अन् हो म्हणालात तर तो विचारतो की २ लाखांत वीस टक्के म्हणजे तुमची कंपनी १० लाखांची, मग माझ्याकडं २ कोटी कसे सांगता? हे आधीच मिटवा. आम्ही दोन दिवस बसलो, एकदा रडारड पण झाली, शेवटी चार टक्के शेअर सीएकडून रीतसर कागद करून दिले. मेसेज पाठवायच्या आधी झालं म्हणून मिटलं, पैसे दिसल्यावर कोणी चारवर थांबत नाही.

मशीन असेल तर अजून दोन कागद. एमआयडीसीतल्या ज्या फॅब्रिकेटरनं ती बनवली त्याच्याकडून लिहून घ्या की डिझाइन अन् ड्रॉइंग कंपनीचं आहे. अन् पेटंटचा विचार असेल तर मेसेज पाठवायच्या अन् कृषी प्रदर्शनात मशीन मांडायच्या आधी प्रोव्हिजनल अर्ज टाका. स्टार्टअपला ऑनलाइन सरकारी फी १६०० रुपये आहे, वकिलाची वेगळी, अन् पूर्ण अर्जाला त्यानंतर १२ महिने मिळतात. एकदा जगजाहीर केल्यावर "हे नवीन आहे" असं म्हणता येत नाही. गुंतवणूकदाराकडून आधी गुप्ततेचा करार सही करून घेऊ असं कोणाला वाटत असेल तर ते होत नाही, पहिल्या भेटीला ते लोक सही करत नाहीत, त्यांच्याकडे रोज असे ढीगभर प्रस्ताव येतात.

माणसं शोधणं

शंभर जणांना एकच मेसेज पाठवणारे मी पाहिलेत, मी पण त्यातलाच होतो. त्याचा उपयोग शून्य. पंधरा नावांची यादी करा अन् प्रत्येक नावापुढं एक वाक्य लिहा: "याच माणसाला का?" वाक्य सुचत नसेल तर नाव खोडा.

ओम्निव्होर, अंकुर कॅपिटल अशी शेतीवर काम करणाऱ्या फंडांची नावं सगळ्यांना सापडतात. फंड चांगले आहेत, पण तीन मशीन चालवणाऱ्या पोट्ट्यानं त्यांच्याकडं जाणं सहसा लय लवकर होतं, त्यांचा चेक मोठा असतो अन् त्यांना त्या प्रमाणात धंदा दिसावा लागतो. आपल्याला ५ ते १० लाख स्वतःच्या खिशातून घालणारी तीन-चार माणसं पाहिजेत. अशी माणसं दोन ठिकाणी सापडतात. एक, ज्यांनी याच मालात आयुष्य काढलंय: संत्रा-मोसंबीची निर्यात केलेला, पॅकहाउस चालवलेला, ट्रॅक्टर-अवजारांची डीलरशिप असलेला. त्याला आंबिया अन् मृग हे संत्र्याचे दोन बहार समजावून सांगावे लागत नाहीत. दोन, आपल्याकडून शिकून पुण्या-मुंबईला किंवा बाहेर गेलेले, तुमच्याच इंजिनिअरिंग कॉलेजचे सीनियर, ज्यांची पंधरा-वीस वर्षं नोकरी झालीय अन् ज्यांनी आधी कुठंतरी पैसे लावलेत. "आधी लावलेत" हे महत्त्वाचं, पहिल्यांदाच लावणारा माणूस सहा महिने विचार करतो अन् मग बायकोला विचारून सांगतो म्हणतो.

आधी लावलेत का हे कळायला एक सोपी युक्ती आहे जी मला एका सीएस, म्हणजे कंपनी सेक्रेटरी ताईनं सांगितली. तुमच्यासारख्या दोन-तीन छोट्या कंपन्या घ्या, स्पर्धक नको, शेजारच्या धंद्यातल्या, म्हणजे माझ्यासाठी कोल्ड स्टोरेज किंवा डाळिंब पॅकिंगवाल्या. mca.gov.in या सरकारी साइटवर कंपनीचे सार्वजनिक कागद १०० रुपये फी भरून पाहता येतात. त्यात PAS-3 नावाचा फॉर्म शोधा, कंपनीनं नवीन शेअर कोणाला दिले त्याची यादी त्याला जोडलेली असते, किती शेअर अन् काय भावानं ते पण. एका संध्याकाळी ४०० रुपयांत मला सहा नावं मिळाली ज्यांनी खरोखर शेतमालाच्या धंद्यात पैसे घातले होते. लिंक्डइनवर "एंजल इन्व्हेस्टर" लिहिणारे हजार आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांनी एक रुपया लावलेला नसतो.

नाव मिळालं की लगेच त्याला लिहू नका. ज्या कंपनीत त्यानं पैसे घातले तिच्या मालकाला फोन करा. आपल्यासारखाच असतो तो, सहसा बोलतो. दोन प्रश्न विचारा: पैसे दिल्यावर हा माणूस कसा वागतो, अन् वाईट महिन्यात फोन करून काय म्हणाला? उत्तर चांगलं आलं तर मग तिसरा प्रश्न, "माझी ओळख करून द्याल का?" अशा ओळखीनं गेलेला मेसेज वाचला जातो. सीएच्या किंवा पुढाऱ्याच्या ओळखीचा तेवढा उपयोग होत नाही.

अन् कोणी "प्रोसेसिंग फी", "ड्यू डिलिजन्स फी" म्हणून आधी २५-५० हजार मागितले तर तो गुंतवणूकदार नाही. आमच्या भागात एकाचे असेच गेले, समोरच्याचं ऑफिस काचेचं होतं, गाडी मोठी होती, अन् त्याला मिळालं काय तर एक फाइल.

एक कायद्याची गोष्ट, हसू नका, कारण मी केलं होतं: व्हॉट्सअॅप स्टेटसवर "आमच्या कंपनीत गुंतवणूक करा, कमीत कमी ५०,०००" असं टाकायचं नाही. प्रायव्हेट कंपनीला शेअरची जाहिरात करता येत नाही. ठरलेल्या माणसांना नावानिशीच ऑफर द्यावी लागते, अन् तीही वर्षात २०० च्या आत. गावातल्या ग्रुपवर पण नाही.

मेसेज

पहिल्या मेसेजचं काम एकच, वीस मिनिटांचा कॉल मिळवणं. पैसे मागायचे नसतात त्यात, पण किती उभे करताय ते लपवायचं पण नसतं. मोबाइलवर स्क्रोल न करता दिसेल एवढाच. माझा पहिला मेसेज साडेचारशे शब्दांचा होता, सुरुवात "भारत हा कृषिप्रधान देश आहे" अशी होती, आता वाचवत नाही. जो चालला तो इंग्रजीत होता, त्याचं मराठी असं:

> नमस्कार सर, मी वरूडचा. आम्ही बागेत नेता येणारी संत्रा ग्रेडिंग मशीन बनवतो. मागच्या आंबियात ३ मशीननं ११ व्यापाऱ्यांचे २१,००० क्रेट काढले, क्रेटमागे ८ रुपये घेतले. त्यातल्या ९ व्यापाऱ्यांनी पुढच्या सीझनसाठी अॅडव्हान्स दिलाय. आता १२ मशीन बनवायला ३० लाख उभे करतोय. तुम्ही पॅकहाउस चालवलंय, म्हणून तुम्हालाच विचारतो: मशीन भाड्यानं द्यावी की विकावी यावर आमचं एकमत होत नाहीये. या आठवड्यात २० मिनिटं बोलता येईल का? दीड मिनिटाचा व्हिडिओ सोबत.

यात काय आहे ते पाहा. एक खरा आकडा, जो मोजलेला आहे. ९ जणांचा अॅडव्हान्स, कारण "शेतकऱ्यांना लय आवडली" याला किंमत नाही, खिशातून निघालेल्या पैशाला आहे. किती पैसे अन् कशासाठी. याच माणसाला का. अन् एक प्रश्न जो खरोखर आम्हाला पडला होता. खोटा प्रश्न टाकू नका, कॉलवर दुसऱ्या मिनिटाला कळतं. ओळख करून देणाऱ्याला हाच मेसेज जसाच्या तसा द्या म्हणजे त्याला फक्त फॉरवर्ड करावा लागेल, "तुम्हीच दोन शब्द लिहा" म्हटलं की ते महिनाभर राहतं.

एका दिवशी चार-पाच जणांनाच पाठवा. पहिल्यांचे प्रश्न ऐकून मेसेज सुधारतो, अन् यादीतली सगळ्यात चांगली नावं दुसऱ्या खेपेला ठेवा. रिप्लाय नाही आला तर आठ दिवसांनी एकदाच लिहा, तेही काहीतरी नवीन सांगायला असेल तर, "सर, दहाव्या व्यापाऱ्याचा पण अॅडव्हान्स आला" असं. त्यानंतर सोडून द्या.

रिप्लाय आला

"छान आहे, संपर्कात राहू" म्हणजे नाही. आपल्याकडं "पाहू नं भाऊ" म्हणतात तेच ते. "लवकर आहे, अजून थोडं वाढू द्या" हा अर्धा नकार असतो, त्याला विचारा की नेमकं काय वाढलेलं पाहायचंय, अन् तो आकडा झाला की तीन महिन्यांनी कळवा. अशा एकानंच पुढे आम्हाला ५ लाख दिले.

कॉल ठरला तर रेंज असलेल्या ठिकाणी जा. सांगायला वेडेपणा वाटतो, पण माझा एक कॉल पाच वेळा कटला, सहाव्यांदा त्यांनी उचलला नाही. मी नंतर तालुक्याच्या गावी मित्राच्या दुकानात वरच्या खोलीत बसायचो.

कॉलवर प्रश्न धंद्याच्या पोटात हात घालतात. एका गुंतवणूकदारांनी मला विचारलं, एक मशीन वर्षाला किती पैसे सोडते? मी म्हणालो क्रेटला ८ घेतो, ऑपरेटर, डिझेल, वाहतूक, रिपेअर मिळून साडेचार जातात, साडेतीन उरतात. आंबियात एका मशीनचे ७,००० क्रेट, मृगात ४,००० धरू. ते शांतपणे म्हणाले, म्हणजे ३८,५०० रुपये, मशीन बनते १ लाख ८० हजारांत, तर पैसे निघायला पावणेपाच वर्षं, अन् तोवर बेअरिंग तरी राहतील का? मी गप्प. हे गणित मी स्वतः कधी शेवटपर्यंत नेलंच नव्हतं! त्या कॉलनंतर आम्ही मॉडेल बदललं, मशीन २ लाख ६० हजारांना व्यापाऱ्याला विकायची, भाड्याच्या तीन फक्त नमुना म्हणून फिरवायच्या, अन् तीच मशीन मोसंबीसाठी जालन्याकडं न्यायची. तेव्हा तुमच्या एका युनिटचं गणित कॉलच्या आधी कोणातरी कडक माणसाकडून तपासून घ्या. दुसरा प्रश्न हमखास येतो तो बाहेरच्या धोक्याचा. आमच्या संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक बांगलादेश, त्यांनी आयात शुल्क वाढवत नेलं तसा इथला भाव पडला, मग व्यापारी मशीन कशाला घेईल? याचं उत्तर "काही होत नाही सर" हे नाही. आम्ही सांगितलं की भाव पडतो तेव्हा साइजप्रमाणे वेगळा केलेला माल दिल्ली-दक्षिणेकडं पाठवायची गरज वाढते, पण व्यापाऱ्याच्या हातात पैसा कमी असतो म्हणून विक्री पुढं ढकलली जाऊ शकते. अर्धं उत्तर आपल्या विरोधात होतं, पण ते त्यांना पटलं.

मग व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची किंमत. "२ कोटी" एवढंच बोलून थांबू नका, पैसे येण्याआधीची की आल्यानंतरची ते बोला. आमचे १०,००० शेअर होते. पैसे येण्याआधीची किंमत २ कोटी धरली तर एक शेअर २,००० चा, ३० लाखांत १,५०० नवीन शेअर, म्हणजे ११,५०० पैकी १,५००, तेरा टक्के. तेच २ कोटी पैसे आल्यानंतरचे धरले तर ३० लाख म्हणजे सरळ पंधरा टक्के. दोन टक्क्यांचा फरक फक्त न विचारल्यामुळं पडतो, अन् तो नंतर टर्मशीटवर, म्हणजे व्यवहाराच्या अटींच्या कागदावर कळला की दोन्हीकडं चीड येते.

हो म्हणाल्यावर

तोंडी हो अन् खात्यात पैसे यात आम्हाला सात आठवडे लागले. व्हॅल्युअरचा रिपोर्ट, ठराव, ऑफर लेटर, करार. शेअरच्या जादा भावावर कंपनीला लागणाऱ्या एंजल टॅक्सची कटकट आता गेली आहे, बाकी कागद आहेतच. म्हणून वेळेचं गणित सीझनवरून मागे मोजा. आंबियाची तोडणी ऑक्टोबरपासून, मशीन तयार सप्टेंबरात पाहिजेत, लोखंड अन् मोटर जुलैत घ्यावी लागतात, तर पैसे जूनअखेर लागतील, अन् पहिले मेसेज फेब्रुवारीत जायला पाहिजेत. मी पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये सुरू केलं होतं.

पैसे येताना ते गुंतवणूकदाराच्या स्वतःच्याच खात्यातून, बँकेतून, अन् कंपनीच्या यासाठी उघडलेल्या वेगळ्या खात्यात आले पाहिजेत. रोख नाही, भावाच्या खात्यातून नाही. ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात, अन् ते देऊन PAS-3 भरेपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. फॅब्रिकेटर रोज फोन करत होता, "भाऊ, पैसे आले म्हणता, मग पाइप काहून नाही आणत?" खात्यात ३० लाख दिसत होते अन् मी त्याला म्हणत होतो, सीएस ताईचा फॉर्म भरू दे, मग गाडी पाठवतो. तो फॉर्म गुरुवारी भरला, शुक्रवारी सकाळी पाइप आले.